फोटोतलं ते झुरळ आहे की भुंगेरा? रंग सोडा, पाठीवरची रेषा बघा

जूनचा दुसरा आठवडा, कराडला पहिला जोराचा पाऊस झाला आणि रात्री साडेनऊला मावशीचा फोटो आला. किचनचा ओटा, वर ट्यूबलाइट, आणि ओट्यावर एक तांबूस-तपकिरी जाडजूड किडा. खाली मेसेज, "झुरळं झाली गं घरात, एवढी स्वच्छता ठेवून पण, उद्याच औषध मारून घेते." फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन लावला, म्हटलं मावशी थांब, काही मारू नकोस, ते झुरळ नाहीये. तिचा विश्वास बसेना, म्हणे अगं रंग बघ ना, झुरळाचाच आहे.

इथेच सगळी गडबड होते. रंग. कीटकशास्त्र शिकल्यापासून नातेवाईकांचे असे फोटो मला वर्षभर येत असतात आणि जवळपास प्रत्येकाने ठरवलेलं असतं ते रंगावरून. आता झुरळ तपकिरी, पिठातला किडा तपकिरी, पावसाळ्यात लाइटवर येणारे निम्मे भुंगेरे तपकिरी, वरून मोबाईलचा कॅमेरा पिवळ्या बल्बखाली सगळ्यालाच तपकिरी करून टाकतो. म्हणजे रंग बघून काहीच कळत नाही. कळतं ते तीन गोष्टींवरून, अंगाचा बाह्याकार कसा आहे, पाठीवर पंखांची झाकणं कशी बसलीयत आणि डोकं वरून दिसतंय का. या तिन्हींमधे पण पाठ सगळ्यात भरवशाची, का ते पुढे सांगते.

पहिल्यांदा मावशीचाच फोटो घेऊ.

त्यात किडा वरून दिसत होता. बाह्याकार बघितला तर जाड, फुगीर, पाठ घुमटासारखी वर आलेली, आणि मागे रुंद होत गेलेली. झुरळ असं कधीच नसतं, झुरळ चपटं असतं, कोणीतरी लाटणं फिरवल्यासारखं. फटीत शिरायचं म्हणजे अंग चपटंच हवं, त्याचं सगळं जगणंच फटीतलं आहे. फोटो वरून काढलेला असला की चपटेपणा थेट दिसत नाही हे खरं, पण सावली बघायची. मावशीच्या फोटोत किड्याच्या एका बाजूला चांगली रुंद सावली पडलेली होती आणि पाठीवर ट्यूबलाइटची चमक एकाच जागी, बारीक आणि तेजदार. चमक अशी एका ठिकाणी गोळा झाली की पाठ गोलसर आहे असं समजा. झुरळाच्या पाठीवर ती पसरट पडते, ओल्या फरशीवर पडते तशी.

मग पाठ. पाठीच्या बरोबर मधून एक उभी रेषा गेली होती, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. ती जिथे सुरू होते तिथे वरच्या बाजूला एक छोटा त्रिकोण. दोन कडक झाकणं एकमेकांना फक्त टेकलीयत, कपाटाची दोन दारं बंद केल्यावर मधे रेषा राहते तशी. हा भुंगेऱ्याचा शिक्का. भुंगेऱ्याचे पुढचे पंख उडायच्या कामाचे नसतात, ते कडक होऊन कवच झालेले असतात आणि उडायचे खरे पंख त्याच्या खाली घडी करून ठेवलेले असतात.

झुरळाचं वेगळं. त्याचे पुढचे पंख चामड्यासारखे, जरा लवचिक, आणि ते एकमेकांना टेकत नाहीत तर एकावर एक चढतात, बहुतेक वेळा डावा वर आणि उजवा खाली. साडीचा पदर किंवा जुन्या पद्धतीचा बाराबंदीचा अंगरखा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला येतो ना तसं. त्यामुळे झुरळाच्या पाठीवर मधोमध सरळ रेषा मिळत नाही, जी कड दिसते ती तिरकी असते, मधून सुरू होऊन एका बाजूला सरकत जाते. शिवाय त्या पंखांवर पानाला असतात तशा बारीक शिरा दिसतात. भुंगेऱ्याच्या कवचावर शिरा नसतात, असल्या तर उभ्या खोबणी असतात किंवा सुईने टोचल्यासारखे ठिपके ओळीत असतात, नाहीतर एकदम गुळगुळीत. फोटो जरा बरा असेल तर शिरा की खोबणी एवढं झूम करून कळतंच.

आणि शेवटी डोकं. मावशीच्या किड्याचं डोकं पुढे आलेलं होतं, छोट्या फावड्यासारखं, दोन्ही बाजूंना काळे डोळे, आणि मिशा इतक्या आखूड की टोकाला छोट्या पंख्यासारख्या पाकळ्या आहेत एवढंच दिसत होतं. झुरळाचं डोकं वरून जवळपास दिसतच नाही, मानेवर एक रुंद ढाल असते आणि डोकं त्या ढालीखाली मान खाली घातल्यासारखं वाकलेलं असतं, तोंड खाली आणि थोडं मागे. वरून फोटो काढला तर ढालीच्या पुढून फक्त दोन लांबच लांब मिशा बाहेर आलेल्या दिसतात. मिशा पण साध्यासुध्या नाहीत, शंभराहून जास्त बारीक खंडांच्या, दोऱ्यासारख्या, अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब. भुंगेऱ्याच्या मिशीला साधारण ११ खंड असतात, आखूड, आणि टोकाला कधी गदेसारखी गाठ, कधी करवतीसारखे दाते, कधी या मावशीच्या किड्यासारख्या पाकळ्या.

तर तो निघाला हुमणीचा भुंगेरा. ऊसवाल्यांना हुमणी सांगायची गरज नाही, जमिनीत मुळं खाणारी ती पांढरी जाड अळी, तिचंच हे मोठेपणीचं रूप. वळवाचा नाहीतर मृगाचा पाऊस पडला की संध्याकाळी हे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब-बाभळीच्या झाडांवर जमतात आणि लाइट दिसला की घरात घुसतात. त्याला किचनमधलं काहीही खायचं नसतं. मावशीने दुसऱ्या दिवशी औषध मारलं असतं तर ओट्यावर विष पसरलं असतं आणि संध्याकाळी खिडकीतून परत चार नवीन आले असते. तिने फक्त संध्याकाळी सातच्या आधी खिडकीची जाळी लावायला सुरुवात केली आणि त्यानंतर मला त्यांचा एकही फोटो आला नाही.

हा फोटो सोपा होता कारण किडा मोठा होता, साधारण दोन सेंटिमीटर. खरी पंचाईत होते ती बारक्या किड्यांची, आणि माझ्या मते जास्तीत जास्त चुका तिथेच होतात, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ देते.

डोंबिवलीच्या वहिनींचा किस्सा. त्यांच्याकडे किचन ट्रॉलीत बारीक तपकिरी किडे दिसायला लागले. ज्यांना बोलावलं त्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले झुरळाची पिल्लं आहेत, जेल लावतो. ट्रॉलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात जेलचे ठिपके लावले. तीन आठवडे झाले, किडे तेवढेच. परत बोलावलं, परत जेल, परत पैसे, किडे वाढलेच. मग वहिनींनी मला फोटो पाठवला आणि विचारलं, "ताई, ही पिल्लं मरत का नाहीत हो?"

मी त्यांना म्हटलं वहिनी, एक करा, त्यातले दोन-तीन किडे पांढऱ्या कागदावर घ्या, शेजारी मोहरीचे दोन दाणे आणि एक तांदळाचा दाणा ठेवा, आणि बरोबर वरून फोटो काढा. जवळ जाऊन नाही, जरा लांबून काढून मग झूम. मोबाईल फार जवळ नेला की फोकस लागतच नाही. नवा फोटो आला. किड्याची लांबी जेमतेम दोन मोहरीएवढी, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा चांगलीच कमी.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बारक्या किड्यांचा सगळा निकाल हिच्यावर लागतो. झुरळाला पंख येतात ते अगदी शेवटची कात टाकल्यावर. अंड्यातून पिल्लू बाहेर येतं ते मोठ्या झुरळासारखंच दिसतं पण बिनपंखांचं, मग ते कात टाकत टाकत वाढतं. किचनमधलं जे छोटं जर्मन झुरळ ते साधारण सहा-सात वेळा कात टाकतं, मोठं लाल झुरळ त्याहून जास्त वेळा, आणि पाठ झाकणारे पूर्ण पंख शेवटच्या वेळीच. भुंगेऱ्याचं उलटं आहे. त्याची पिल्लं म्हणजे अळ्या, भुंगेऱ्यासारखी अजिबात न दिसणारी, मग कोष, आणि कोषातून जो बाहेर पडतो तो पूर्ण वाढलेला, पंखांची झाकणं घेऊनच. तो पुढे वाढत नाही. छोटा भुंगेरा म्हणजे मोठ्या भुंगेऱ्याचं पिल्लू नव्हे, ती जातच तेवढी असते.

म्हणजे काय झालं बघा. आपल्या किचनमधल्या झुरळांत पूर्ण पंखवालं जे सगळ्यात लहान, ते पण सेंटिमीटरभर असतंच. त्यामुळे ३-४ मिलिमीटरच्या किड्याच्या पाठीवर जर दोन झाकणं आणि मधे उभी रेषा दिसत असेल तर ते झुरळाचं पिल्लू असूच शकत नाही. या मापाच्या पिल्लाला पंखच नसतात. त्याची पाठ उघडी असते आणि उघड्या पाठीवर खंडांच्या आडव्या रेषा दिसतात, एकाखाली एक, शटरच्या पट्ट्यांसारख्या.

वहिनींच्या फोटोत उभी रेषा होती. झाकणांवर बारीक समांतर खोबणी पण होत्या. बाह्याकार लांबट, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, औषधाच्या कॅप्सूलसारखा. मिशा आखूड, डोक्या-मानेच्या मापाच्या, आणि टोकाला तीन मणी जरा मोठे. पाय अंगाखाली, वरून अगदी थोडे दिसणारे. जर्मन झुरळाचं पिल्लू तेवढंच असतं तर थेंबासारखं रुंद दिसलं असतं, रंग जवळजवळ काळा, पाठीच्या मधून फिकट पट्टा, मिशा अंगाएवढ्या लांब आणि सहा पाय बाजूंना पसरलेले. शिवाय पळालं असतं, कागदावर टेकलंच नसतं. वहिनींचे किडे आरामात चालत होते.

तर हा पिठातला तांबडा भुंगेरा. कोणी याला नुसतं किडे म्हणतं, कोणी टोके म्हणतं, कोणी पोरकिडे, गावागावाला नाव बदलतं आणि एकाच नावाने तीन वेगळे किडे पण ओळखले जातात, त्यामुळे नावावर जाऊ नका. हा मैदा, रवा, बेसन, भाजणी, सत्तू, म्हणजे दळलेल्या किंवा फुटक्या दाण्यावर जगतो. झुरळाच्या जेलशी त्याला काही देणंघेणं नसतं, म्हणून तीन आठवड्यांत एकही मेला नाही. मी वहिनींना म्हटलं ट्रॉलीच्या फटी सोडा, डबे बघा, आणि डब्यांपेक्षा आधी विसरलेली पुडी बघा. निघाली, सगळ्यात खालच्या ट्रॉलीच्या मागे घसरलेली भाजणीची अर्धी पिशवी, कधीची ते त्यांनाही आठवेना. उघडली तर उग्र वास आणि पिठाला गुलाबट छटा. हे भुंगेरे अंगातून एक तिखट वासाचं रसायन सोडतात, जास्त झाले की पीठ असं होतं, ते चाळून वापरायचं नाही, टाकायचंच. बाकीचे बरे डबे चार-पाच दिवस डीप फ्रीजरमधे ठेवले, ट्रॉलीचे रूळ व्हॅक्यूम केले कारण त्या खाचेत सांडलेल्या पिठावर पण ते जगतात, आणि महिन्याभरात विषय संपला.

म्हणून मी सारखं सांगते की ओळख आधी, औषध नंतर. भुंगेरा असेल तर उगम डब्यात आहे, झुरळ असेल तर फटीत, गॅसच्या मागे, सिंकखाली, फ्रीजच्या मोटरजवळ. शोधायच्या जागाच वेगळ्या.

आता पाठीच्या रेषांचं एकत्र सांगून टाकते कारण फोटो समोर आल्यावर हेच विचारायचंय. उभी, सरळ, मधोमध एकच रेषा दिसली तर भुंगेरा. तिरकी, एकावर एक चढलेली कड आणि शिरा दिसल्या तर मोठं झुरळ. रेषा आडव्या, एकाखाली एक, आणि मिशा लांब असतील तर झुरळाचं पिल्लू. एक अपवाद आहे, पावसाळ्यात लाइटवर एक नारिंगी-काळा सडपातळ किडा येतो, मुंगीसारखा लांबट, त्याची झाकणं इतकी आखूड की अर्ध्याहून जास्त पोट उघडं आणि त्यावर आडव्या रेषा. तो पण भुंगेराच आहे, पण त्याचं अंग दोरीसारखं बारीक असल्याने झुरळ वाटत नाही. तो अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा, त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात.

डोक्याची खूण मी शेवटी ठेवते, त्याला कारण आहे. "डोकं दिसतंय म्हणजे भुंगेरा, दिसत नाही म्हणजे झुरळ" हे ऐकायला सोपं, बऱ्याचदा बरोबर पण येतं, पण किचनमधेच ते फसतं. हळद, मिरची पावडर, धणे, गरम मसाला यात जो अडीच-तीन मिलिमीटरचा गोलसर तपकिरी किडा होतो त्याचं डोकं वरून अजिबात दिसत नाही, मान पूर्ण खाली दुमडलेली, बाजूने बघितलं तर पाठीला कुबड आल्यासारखा. गव्हा-तांदळाला भोकं पाडणारा एक लांबट भुंगेरा असतो त्याचं पण डोकं असंच ढालीखाली. दोघंही पक्के भुंगेरे. मसाल्यातल्या किड्याचे फोटो मला येतात तेव्हा लोक हेच लिहितात की डोकं दिसत नाही म्हणजे झुरळाचं पिल्लूच असणार. पाठ बघायची, उभी रेषा आहे, मग संपलं.

सोंड्या मात्र कोणालाही ओळखता येतो, तांदळातला तो, डोक्यातून पुढे खरंच सोंड निघालेली. आणि कडधान्यातला भुंगा बुटका, मागे झाकणं थोडी कमी पडतात आणि पोटाचं टोक उघडं राहतं, त्यामुळे मागून कापल्यासारखा दिसतो. चवळी-मुगाला गोल भोकं दिसली की फोटोची पण गरज नाही.

सगळ्यात अवघड फोटो मला आला तो भंडारदऱ्याकडून. तिथल्या एका घरात पाहुणे उतरले होते, मे महिन्याचा शेवट, आणि त्यातल्या माझ्या मैत्रिणीने किचनच्या भिंतीवरचा किडा पाठवला. लांबट, चपटा, बदामी-पिवळसर, सेंटिमीटरभर, मानेवर रुंद ढाल आणि डोकं ढालीखाली लपलेलं. बघता क्षणी कोणीही जर्मन झुरळ म्हणेल, मापसुद्धा जुळत होतं. मला पण एक मिनिट तसंच वाटलं आणि खरं सांगते, फक्त बाह्याकार आणि डोकं बघून सोडलं असतं तर मी चुकीचं उत्तर दिलं असतं.

पाठ बघितली. उभी रेषा, सरळ, मधोमध. झाकणं मऊसर वाटत होती, हुमणीच्या भुंगेऱ्यासारखी कडक चकचकीत नाहीत, पण टेकलेली होती, चढलेली नव्हती. मग मिशा मोजायचा प्रयत्न केला, अंगाच्या निम्म्याच होत्या. जर्मन झुरळाच्या ढालीवर दोन गडद उभे पट्टे असतात, समांतर, ती त्याची ठळक ओळख आहे, ते पण नव्हते. मी तिला म्हटलं हळूच ग्लासखाली धर आणि खालून फोटो काढ. खालून बघितलं तर पोटाच्या टोकाचे शेवटचे खंड पांढरट-पिवळट, मेणासारखे. काजवा होता. लाइट बंद केल्यावर ग्लासमधे लुकलुकला सुद्धा. त्या दिवसांत सह्याद्रीत काजव्यांचा हंगामच असतो आणि किचनचा दिवा चालू होता म्हणून चुकून आत आला बिचारा. काजवा हा भुंगेराच, माशी नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिने त्याला बाहेर झाडावर सोडून दिलं आणि मला फार बरं वाटलं, कारण चप्पल हातात घेऊनच तिने फोटो काढला होता.

खालून काढलेला फोटो उपयोगी पडतो तो असा. मेलेला किडा बहुतेक वेळा उताणाच पडलेला असतो, मग पाठ दिसतच नाही. अशा वेळी शेपटीचं टोक बघा. झुरळाला मागे दोन छोटी टोकं असतात, दोन्ही बाजूंना एकेक, बारीक मिशांसारखी, हवेची हालचाल त्यांनाच आधी कळते, म्हणून चप्पल उचलली की ते पळतं. मोठ्या भुंगेऱ्याला अशी टोकं नसतात. शिवाय झुरळाचे पाय लांब, त्यावर काट्यांच्या रांगा, आणि पायांची मुळं मोठी पसरट, पोटावर तिरकी टेकलेली. भुंगेऱ्याचे पाय मेल्यावर आखडून पोटाशी आलेले असतात.

आणि काही फोटोत तर किडाच नसतो. गडद तपकिरी, ८ मिलिमीटरची, छोट्या राजम्याच्या दाण्यासारखी वस्तू, एका बाजूला शिवण घातल्यासारखी कड, पाय नाहीत, मिशा नाहीत. लोक विचारतात हा कुठला भुंगेरा, मेलाय का. ती मोठ्या लाल झुरळाची अंड्यांची डबी असते, आत साधारण १४ ते १६ अंडी. ते झुरळ डबी कुठेतरी फटीत चिकटवून निघून जातं. जर्मन झुरळाची मादी तसं करत नाही, ती डबी शेवटपर्यंत शेपटीला धरून फिरते, त्यात ३०-४० अंडी असू शकतात, म्हणून एखाद्या फोटोत झुरळाचं मागचं टोक चौकोनी आणि फिकट दिसलं तर ते वेगळं काही नाही, मादी आहे. अशी डबी दिसली की उचलून टाकायची, केरात नुसती नाही, आधी कागदात चुरडून.

तसंच पूर्ण पांढरं झुरळ. त्याचा फोटो पाठवून लोक घाबरून विचारतात ही नवीन जात आली का. नाही, नुकतीच कात टाकलेलं आहे, काही तासात रंग परत येतो. यासाठीच रंगावर जाऊ नका म्हणते.

फोटो वाईट असेल तर काय होतं हे पण सांगायला हवं. फ्लॅश मारला की पाठीवर एक पांढरी उभी चमक उमटते आणि ती हुबेहूब रेषेसारखी दिसते, मी स्वतः दोनदा फसलेय. ओळखायचं कसं, खरी रेषा गडद असते आणि शेपटीपर्यंत जाते, चमक पांढरी असते आणि मधेच विरते. दुसरं, किडा हलला की सगळ्यात आधी मिशा पुसल्या जातात, म्हणजे लांब मिशा फोटोत दिसल्या नाहीत याचा अर्थ नव्हत्या असा नाही. मिशा दिसल्या तर पुरावा, नाही दिसल्या तर काहीच नाही. तिसरं, मापाशिवाय फोटो. टाइल्सवर एकटाच किडा असला की तो ३ मिलिमीटरचा आहे का ३ सेंटिमीटरचा हे मला कळत नाही, शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटर असतं. मोठं लाल झुरळ त्या नाण्याहून लांब भरतं, जर्मन झुरळ साधारण अर्ध्या नाण्याएवढं, आणि पिठातला भुंगेरा नाण्यावरच्या आकड्यापेक्षाही बारीक.

कुंड्यांवाल्यांसाठी एक. किचनच्या खिडकीत तुळस, कढीपत्ता, पुदिना असेल तर त्या मातीत एक झुरळ राहतं, दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत, काळपट चकचकीत ढाल, जाडसर, माती उकरत जातं. ते कोणालाही भुंगेरा वाटतं, आणि त्याची पिल्लं तर जास्तच, कारण मागची बाजू खरखरीत आणि अंग गोलसर. तिथे पण तेच बघायचं, मोठ्याच्या पंखांची कड एकावर एक चढलेली आहे, शिरा आहेत, ढालीच्या पुढच्या कडेला फिकट किनार आहे. हे झुरळ डब्यात किंवा ओट्यावर घर करत नाही, कुंडी उचलून बाहेर ठेवली आणि पाणी कमी घातलं तर पुरतं.

दोन्ही एकमेकांसारखे का दिसतात असं मावशीने मला विचारलं होतं, नात्यातले आहेत का म्हणून. नाहीत. झुरळाची जवळची भावकी म्हणजे वाळवी, शास्त्रात आता वाळवीला झुरळांच्याच गटात धरतात, आणि खंडोबाचा घोडा त्यांचा चुलत. भुंगेरे पार वेगळ्या घराण्यातले, अळी-कोष असं आयुष्य काढणारे. उलट दक्षिण भारतातल्या झुडपी रानात एक काळं झुरळ आहे, अंगावर मोठे पांढरे ठिपके, ते तिथल्याच एका ठिपकेवाल्या शिकारी भुंगेऱ्याची नक्कल करतं असं मानतात, कारण तो भुंगेरा झोंबणारा द्रव फवारतो आणि त्याच्या वाटेला कोणी जात नाही. त्या झुरळाचा नुसता बाह्याकार आणि रंग बघितला तर कोणीही भुंगेरा म्हणेल. पाठीवर मात्र तिथेही एक पंख दुसऱ्यावर चढलेलाच असतो.

मावशीचा परवा परत फोटो आला. यावेळी नाणं ठेवलेलं, बरोबर वरून, फ्लॅश बंद. नाण्याच्या निम्म्या लांबीचं, चपटं, ढालीवर दोन गडद पट्टे, पंख चढलेले, मिशा अंगाहून लांब. खाली लिहिलं होतं, "हे झुरळच आहे ना? गॅसच्या मागच्या फटीत होतं, मी बघितलं." मी तिला फक्त "हो" लिहिलं, आणि फटीत जेलचे ठिपके ज्वारीच्या दाण्याएवढे लाव, त्याच्या आसपास स्प्रे मारू नकोस, नाहीतर झुरळं जेल खायला येतच नाहीत, एवढं सांगितलं.